मदत हवी आहे: 1:100 च्या नकाशावर स्केलपट्टी लावली तरी माप जुळत नाही

नवशिकी_इंटिरियर
फ्लॅटचा नकाशा पीडीएफमध्ये आला होता, तो झेरॉक्सवाल्याकडून A3 वर छापून घेतला. कोपऱ्यातल्या चौकटीत प्रमाण 1:100 लिहिलंय. बेडरूमवर 3600 असं माप आहे, पण त्रिकोणी स्केलच्या 1:100 च्या कडेवर तीच भिंत 2.55 दाखवते. त्या 2.55 ला परत 100 ने गुणलं, तर 255 येतात. ते मीटर की मिलिमीटर, तेच कळेना! बाल्कनीवर मापच लिहिलेलं नाही. तिथे पट्टीवर 0.85 आणि 2.12 येतंय. त्यावरून टाइल्स मागवायच्या आहेत.

उभा_छेद
ताई, 100 ने परत गुणायचं नाही. त्या कडेवर 1 मिमीला 0.1 मीटर धरूनच आकडे छापलेले असतात, म्हणजे गुणाकार पट्टीनेच केलेला असतो. गुणायचंच असेल तर साध्या मिमीपट्टीने मोजा: 25.5 × 100 = 2550 मिमी. दोन्हींपैकी एकच करायचं.

बाकी तुमचा कागद छोटा झालाय. A3 वर आणलं की नकाशा निम्मा होतो, त्यामुळे 1:200 ची कड लावा, झालं काम.

काटकोन
निम्मा होतो, पण मूळ कागद A1 असेल तरच. A2 वरून A3 केलं की लांबी 0.707 पट होते. इथे काय झालंय ते लिहिलेल्या मापावरूनच कळतं. 3600 मिमीची भिंत 1:100 ला कागदावर 36 मिमी भरायला हवी. निम्मी झाली असती तर 18 मिमी भरली असती. भरते 25.5, म्हणजे मूळ नकाशा A2 चा होता. 1:200 ची कड लावली असती तर हीच बेडरूम 5.10 मीटर दिसली असती!

हातातल्या कागदाचं खरं प्रमाण 3600 ÷ 25.5, म्हणजे साधारण 1:141. अशी कड कुठल्याच पट्टीवर नसते. 1:100 च्या कडेवर जे वाचाल त्याला 1.41 ने गुणा. बाल्कनी 1.20 × 2.99 मीटर येते. यात खरा धोका क्षेत्रफळाचा आहे. तुमच्या वाचनाने ते 1.8 चौ.मी. येत होतं, प्रत्यक्षात 3.6 च्या आसपास आहे. टाइल्स निम्म्याच आल्या असत्या.

आडवं माप जुळलं म्हणून उभं जुळेलच असं नाही. मोबाइलवर फोटो काढून पीडीएफ केली असेल तर दोन्ही दिशांना वेगवेगळा ताण येतो. बेडरूमची दुसरी भिंतही लिहिलेल्या मापाशी ताडून बघा.

पेन्सिल_2एच
माझं उलटं अडलंय. 4.5 मीटरचा हॉल 1:50 ने काढायचाय. माझ्या पट्टीवर 10, 20, 30, 40, 50, 60 अशा कडा आहेत. 50 ची कड वापरली, तरी सर म्हणतात चूक आहे.

काटकोन
दादा, ती पट्टी इंचांची आहे. तिच्यावरच्या 50 चा अर्थ एका इंचाचे 50 भाग, 1:50 नव्हे. मेट्रिक पट्टीवर स्पष्ट 1:50 असं छापलेलं असतं आणि शून्यापासून 1 पर्यंतचं अंतर बरोबर 20 मिमी भरतं. नवी पट्टी घेताना एवढं मोजून बघायचं. तुमचा हॉल 4500 ÷ 50 = 90 मिमी. साध्या पट्टीनेही निघेल.

उभा_छेद
A1 चं गृहीत धरलं होतं, चुकलंच. पण मग बाल्कनी 1.20 धरून ऑर्डर द्यायला हरकत काय?

काटकोन
कागदावर वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. 1:141 ला ती प्रत्यक्षात 7 सेंटिमीटर. म्हणजे 1.20 कदाचित 1.13 असेल, कदाचित 1.27. खोक्यांचा अंदाज बांधायला ठीक, पण कडेच्या टाइल्स कापायला मुळीच नाही. 230 ची भिंत तर या कागदावर दीड मिमीची रेघ आहे, ती मोजूच नका. पुन्हा छापून घेणार असाल तर A2 वर, आणि प्रिंटच्या खिडकीत 'Fit' ऐवजी 'Actual size' निवडायला सांगा.

नवशिकी_इंटिरियर
दुसरी भिंत मोजली. लिहिलंय 3000, पट्टीवर 2.12. म्हणजे तीही 1.41 पटच. पण बाल्कनीच्या मापात कठड्याची जाडी धरली आहे की नाही, हे रेघांवरून समजत नाही.

काटकोन
ते स्केलपट्टी सांगणार नाही. आर्किटेक्टला विचारा, नाहीतर साइटवर टेप लावा.