मदत हवी आहे: पेमेंट गेटवे बंद पडला, पैसे कापले गेलेल्या गिऱ्हाइकांना माफीचा मेसेज नीट लिहून हवाय

कुंदा_काउंटर (बेळगाव)
आमचं मिठाईचं दुकान, कुंदा आणि करदंट वेबसाइटवरून कोल्हापूर, पुणे, हुबळीकडे जातो. शनिवारी 13 तारखेला संध्याकाळी 6.40 ते 8.25 गेटवे बंद होता. 47 जणांचे पैसे कापले, पण ऑर्डर एकाचीही पडली नाही. बहुतेक यूपीआय, आठ-दहा कार्डवाले. सकाळपासून फोन येऊलेत. हा मेसेज पाठवायचा विचार आहे, बघून सांगा:

> तांत्रिक अडचणीमुळे आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. आपले पैसे 24 तासांत परत मिळतील. रिफंडसाठी खालील फॉर्ममध्ये खाते क्रमांक व आयएफएससी भरा. कृपया सहकार्य करावे.

निपाणीकर_72
चांगला आहे की. फक्त 24 तासांऐवजी "7 कामाचे दिवस" घाला, म्हणजे फोन थांबतील.

हिशेबनीस (टिळकवाडी)
थांबा, पाठवू नका. शब्द नंतर बघू, आधी 47 जणांची यादी फोडा. गेटवेच्या डॅशबोर्डवर शनिवारची 6.30 ते 8.45 ही वेळ निवडून यादी उतरवा आणि स्टेटसचा रकाना बघा. `failed` असेल तर पैसे तुमच्यापर्यंत आलेच नाहीत, ते वाटेत अडकलेत. ते बँकच उलटे फिरवणार, तुम्हाला रिफंडचं बटण दाबताच येणार नाही. `captured` असेल तर पैसे तुमच्या नावावर जमा झालेत, फक्त तुमच्या वेबसाइटला निरोप पोचला नाही. ते तुम्ही स्वतः परत केल्याशिवाय जन्मात जाणार नाहीत. दोघांना एकच मेसेज धाडला तर अर्ध्या लोकांना खोटं सांगितल्यासारखं होतं.

आणि यादी आज रात्री पुन्हा उतरवा. शनिवारी `failed` दिसलेलं रविवारी `captured` झालेलं सापडतं, कारण बँकेचं उत्तर उशिरा येतं. मधे `authorized` म्हणून काही दिसलं तर ते अधांतरी आहे: ऑर्डर पाठवायची असेल तर कॅप्चर करा, नाहीतर तुमच्या सेटिंगमधली मुदत संपली की आपोआप परत जातं.

निपाणीकर_72
यूपीआयला तर दुसऱ्या दिवशीच परत यायला पाहिजेत, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. टी अधिक 1.

हिशेबनीस
नियम आहे, पण तुम्ही धरलाय तो वेगळ्या प्रकाराचा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात टी अधिक 1 आहे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवताना, समोरच्याला मिळाले नाहीत तर. दुकानदाराला यूपीआयनं पैसे दिले, कापले, पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर टी अधिक 5. वेबसाइटवर कार्डानं दिले तरी टी अधिक 5. टी म्हणजे व्यवहाराची तारीख. 13 तारखेचा व्यवहार, म्हणजे 18 तारीख गुरुवारपर्यंत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये गिऱ्हाइकाला द्यायचे. म्हणून "24 तास" नको आणि "7 कामाचे दिवस" त्याहून नको. तारीख लिहा. तारीख दिसली की माणूस त्या दिवसापर्यंत गप्प राहतो.

शहापूर_पेठ
माझं पण असंच झालं, लाइट बिल भरताना 1,840 कापले आणि पावती नाही. मी कुठं तक्रार करू?

हिशेबनीस
तुमचा प्रश्न गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे, इथं दुकानदाराच्या बाजूनं बोलणं चाललंय. तरी सांगतो. ज्या ॲपमधून भरलं तिथल्या हिस्टरीत तो व्यवहार उघडून तक्रार टाका, व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर जपून ठेवा. मग आपली बँक. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे.

अनगोळ_डेव्ह
फॉर्मबद्दल कुणी बोललं नाही. खाते क्रमांक मागू नका! पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डातून आले तिथंच रिफंड आपोआप जातो, काही भरायला लागत नाही. गेटवे बंद पडल्याची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी खोट्या रिफंडच्या लिंक फिरतात. तुमचा खरा फॉर्म आणि त्यांचा खोटा फॉर्म गिऱ्हाइकाला सारखाच दिसणार.

दुसरं, दया येऊन कुणाला तुमच्या फोनवरून थेट पैसे पाठवू नका. गुरुवारी बँकेकडून पण आले की त्याला दोनदा मिळणार, आणि मागायला तोंड नाही.

कुंदा_काउंटर
यादी फोडली. 36 `failed`, 11 `captured`. या 11 पैकी दोघांचे दोनदा कापलेत, पहिल्यांदा जमलं नाही म्हणून पुन्हा केलं होतं. म्हणजे माणसं 9. रिफंड टाकले, पण तीन जणांचे अडकलेत.

अनगोळ_डेव्ह
गेटवेत तुमची शिल्लक संपली असणार. रिफंड पुढच्या जमेतून वजा होतात, आणि रविवारी जमा कमी. डॅशबोर्डातून शिल्लक भरा, मग पुन्हा टाका. त्या तिघांना "परत पाठवले" असं लिहू नका, अजून गेलेले नाहीत.

हिशेबनीस
आता मजकूर. "झाली असल्यास" काढा. पैसे कापलेत, गैरसोय झालीच आहे. "सहकार्य करावे" हे सरकारी नोटिशीचं वाक्य, तेही काढा. पहिलं वाक्य पैशाबद्दल हवं, माफी त्यानंतर.

`failed` वाल्यांना:

> नमस्कार. शनिवारी 13 तारखेला संध्याकाळी आमच्या वेबसाइटवर तुम्ही भरलेले 620 रुपये आमच्याकडे पोचलेले नाहीत. पेमेंटची सेवा 6.40 ते 8.25 बंद होती. त्रास झाला, माफ करा. ही रक्कम तुमची बँक त्याच खात्यात गुरुवार 18 तारखेपर्यंत परत करेल. तुम्हाला काही भरायचं नाही. 18 नंतरही आली नाही तर यूटीआर नंबर याच मेसेजच्या उत्तरात पाठवा, आम्ही गेटवेकडे पाठपुरावा करू. तुमच्या बँकेतही तक्रार करता येते. ओटीपी किंवा पिन आम्ही कधीच मागत नाही.

`captured` वाल्यांना "पोचलेले नाहीत" आणि "बँक परत करेल" ही दोन वाक्यं काढून त्याऐवजी:

> तुमचे 620 रुपये आमच्याकडे आले, पण ऑर्डर नोंदली गेली नाही. ते आम्ही आज परत पाठवले, रिफंड नंबर अमुक.

यात कार्डवाल्यांना 5 ते 7 कामाचे दिवस लिहा. क्रेडिट कार्डाचा रिफंड बँक खात्यात येत नाही, स्टेटमेंटमध्ये जमा दिसतो, हे लिहिलं नाही तर पुन्हा फोन.

खानापूर_रोड
एसएमएसनं पाठवणार असाल तर जमणार नाही. धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवावा लागतो त्या डीएलटीवर टेम्प्लेट नोंदवलेलं नसेल तर मेसेज वाटेतच अडतो. शिवाय देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरंच, हा मजकूर कितीतरी एसएमएस खाईल. ईमेल नाहीतर व्हॉट्सॲप. हुबळीवाल्यांना कन्नडमध्ये पाठवा, "हण वापस" असं साधं लिहिलेलं सगळ्यांना कळतं.

निपाणीकर_72
आणि 100 रुपये दिवसाचे? `captured` वाल्यांना उशीर झाला तर ते कोण देणार, दुकान की बँक?

हिशेबनीस
परिपत्रकातला तो दंड बँका आणि पेमेंट कंपन्यांवर आहे. पण पैसे दुकानाच्या नावावर पडून असताना तो लागू होतो का, यावर माझं आणि आमच्या सीएचं पटत नाही. मेसेजमध्ये 100 रुपयांचा उल्लेख करू नका, पैसे आजच पाठवून मोकळे व्हा.

कुंदा_काउंटर
शिल्लक भरली, तिघांचे पण गेले. मेसेज दोन वेगळे पाठवूलोय. पुढच्या ऑर्डरवर पाव किलो कुंदा फुकट म्हणून लिहू काय?

अनगोळ_डेव्ह
लिहा.

हिशेबनीस
पैसे परत मिळाल्यावर, वेगळ्या मेसेजात. आता लिहिलं तर लोकांना वाटतं पैशाऐवजी कुंदा देऊलेत.