५ टक्के सूट देणार म्हणे! आधी वही उघडा

शहापूरचा दुकानदार:
बेळगावच्या शहापुरात किराणा दुकान आहे, महिन्याला ३ लाखांची विक्री. जवळच मोठं मार्ट आलंय. पुढच्या महिन्यापासून ५०० च्या वरच्या बिलावर सरळ ५ टक्के सूट द्यायलोय. पॉइंट म्हणजे नाटक, शिक्क्याचं कार्ड म्हणजे पोरखेळ. गिऱ्हाइकाला रोख फायदा दिसला पाहिजे. बरोबर की नाही?

रविवारपेठकर:
नाही. आणि इतक्या ठामपणे चूक लिहिलंय की रात्री साडेअकराला मला लिहायला बसावं लागलं. वीस वर्षं होलसेलला काढली, अशा सुटीने बसलेली दुकानं बघितलीत.

साखर-तेलात तुम्हाला २-३ टक्के सुटतात. साबण-बिस्किटात ८-१०, सुट्या डाळीत आणि मसाल्यात थोडे जास्त. सगळं मिळून ९ धरू. म्हणजे ३ लाखांवर २७,०००. त्यातून भाडं, लाईट आणि पोराचा पगार मिळून १५,००० जातात असं समजा, हातात १२,००० राहिले. आता २ लाखांची विक्री जरी ५०० च्या वरच्या बिलांची असली, तरी सूट झाली १०,०००. घरी काय नेणार, २,०००?

तेवढे १०,००० भरून काढायचे तर शंभरामागे आता ४ च सुटणार, म्हणजे आणखी अडीच लाखांचा माल विकावा लागेल. शहापुरात एवढी नवी गिऱ्हाइकं आणणार कुठून? शिवाय सूट मिळणाऱ्यांत निम्मे लोक असे, जे तसेही तुमच्याकडेच येत होते. आणि एकदा दिलेली सूट काढून घेतली की गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णांनी भाव वाढवला."

अनगोळ_आयटीवाला:
काका, शिक्के कोण मारत बसतंय? मोबाईल नंबर घ्या, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट चालू करा. १०० रुपयाला १ पॉइंट, १ पॉइंट म्हणजे १ रुपया. फक्त १ टक्का खर्च, वर कोण यायचं बंद झालं तेही कळतं.

रविवारपेठकर:
कोण यायचं बंद झालं ते कळतं, हे मान्य. नाईलाजाने मान्य. खरं पॉइंट म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घेतलेली उधारी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? सगळ्या बिलांवर दिले तर महिन्याला ३,००० साठतात. वर्षभर कुणी हात लावला नाही तर ३६,०००. आणि ते वापरणार कधी? दिवाळीत, जेव्हा माल भरायला तुमचीच रोख अडकलेली असते. तीन महिन्यांची मुदत घालावी लागते, आणि ती पहिल्या दिवसापासून बिलावर छापावी लागते. मधेच घातलीत तर भांडण नक्की.

निपाणीची_सून:
तुम्ही सगळे एका गोष्टीला विसरलात. उधारी! आमच्या घरी तंबाखूचे पैसे हातात येईपर्यंत किराणा खात्यावर चालायचा. सासूबाई त्या दुकानातच का जायच्या? सुटीसाठी नाही. पाहुणे आले आणि पैसे नसले तरी दोन किलो रवा मिळायचा म्हणून. आता तुमचं नवीन कार्ड कुणाला? रोख देणाऱ्याला. म्हणजे वीस वर्षं तुमच्याकडून घेणारी बाई उपाशी, आणि काल आलेला सूट घेऊन गेला!

वडगाव_एक_दुकानवाला:
वहिनी, पुळका आणू नका. माझे ६२,००० अडकलेत खात्यावर. एकाने तर समोरच्या गल्लीतून जायचंच सोडलंय. सकाळी दूध आणायला चार घरं वळसा घालतो, मला गच्चीवरून दिसतो. तो निष्ठावान का? त्याच ६२ हजारांवर मी होलसेलला महिना दीड टक्का भरतोय, ९३० रुपये. ते कुणाच्या निष्ठेत धरू?

निपाणीची_सून:
तुमच्या एकाचा राग सगळ्यांवर काढू नका. आम्ही एक रुपया बुडवला नाही. आणि उधारीच्या मालाचा दर रोखीपेक्षा जास्त लावता, ते सांगा की!

वडगाव_एक_दुकानवाला:
मी लावत नाही. बाकीचे काय करतात मला ठाऊक नाही.

निपाणीची_सून:
असं का. बरं.

खडेबाजार_मूकवाचक:
कार्ड छापायचं कन्नडमध्ये की मराठीत? बोर्डाला ६० टक्के कन्नड लागतं, मग कार्डाला?

अनगोळ_आयटीवाला:
इथेपण तोच वाद आणलास? कार्ड म्हणजे बोर्ड नाही. नारळाचं चित्र काढ, वर शिक्का मार, कुणाला वाचायचं कामच नाही.

रविवारपेठकर:
उधारीचं म्हणाल तर निपाणीच्या वहिनी आणि वडगाववाले दोघंही बरोबर आहेत, म्हणून भांडतायत. सोपं आहे: शिक्का माल नेल्यावर नाही, पैसे आल्यावर मारायचा. खातेदाराने १० तारखेच्या आत खातं मोकळं केलं, तर त्या महिन्याच्या सगळ्या मालाचे शिक्के मिळणार. उशीर केला तर नाहीत. वसुलीला रोज तोंड वाजवण्यापेक्षा हे बरं. गच्चीवरून दिसणारा मात्र याने परत येणार नाही, तेवढी आशा धरू नका.

आता कार्ड. २५० ला १ शिक्का, १२ शिक्क्यांना बक्षीस. ३,००० च्या खरेदीवर ६० रुपयांचं बक्षीस, म्हणजे फार तर २ टक्के. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण ७०० च्या बिलावर दोनच शिक्के बसतात आणि कित्येक कार्डं भरतच नाहीत. बक्षीस म्हणून साखर देऊ नका, तिचा भाव सगळ्यांना पाठ आहे. घरी केलेली कांदा-लसूण चटणी पाव किलो द्या. तुम्हाला ६० ला पडते, तीच तुमच्या फळीवर ९० ला विकता.

अजून एक. १२ घरांचं रिकामं कार्ड देण्यापेक्षा १४ घरांचं द्या, दोन शिक्के आधीच मारून. खर्च तोच. २००६ साली अमेरिकेत गाडी धुण्याच्या दुकानाचा असा प्रयोग छापून आला होता. कोऱ्या ८ घरांची कार्डं शंभरातली १९ भरली, दोन शिक्के आधीच असलेली १० घरांची ३४. बाईला वाटतं, सुरुवात झालीच आहे तर संपवू या.

वडगाव_एक_दुकानवाला:
अमेरिकेतली गाडी आणि शहापूरची डाळ! बरं, माझा अनुभव ऐका. मीही कार्ड काढलं होतं. कामावरच्या पोराने मित्रांना शिक्के वाटले. एका महिन्यात सतरा बक्षिसं गेली, भरलेली कार्डं समोर मांडली तर सगळ्यांवरची शाई एकाच दिवसाची. दर महिन्याला शाईचा रंग बदला, शिक्क्याशेजारी बिलाचा नंबर लिहा. रबरी शिक्का पेटीत, किल्ली स्वतःकडे.

निपाणीची_सून:
आणि कार्ड घरी विसरलं तर? मी तरी रोज विसरणार. दुकानातच डबा ठेवा, गल्लीवार लावून.

रविवारपेठकर:
दुकानात ठेवलं तर ते दुकानदाराचं कार्ड. घरी स्वयंपाकघराच्या दाराला अडकलं असेल तर रोज दिसतं.

निपाणीची_सून:
दाराला लावलेलं पोरं फाडतात. तुमच्याकडे लहान पोरं नाहीत वाटतं.

शहापूरचा दुकानदार:
१२,००० चा हिशोब बघून जेवण गेलं नाही. सूट बंद, शिक्के करून बघतो दसऱ्यापर्यंत. खरं मार्टमध्ये तेल माझ्या खरेदीपेक्षा स्वस्त आहे, त्याला शिक्का काय करणार? त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

रविवारपेठकर:
तेलात त्यांच्याशी लढू नका. तेल घेऊ दे तिकडून. चहापत्ती, डाळ, चटणी तुमच्याकडे ठेवा.

वडगाव_एक_दुकानवाला:
तेलाला गेलेली बाई डाळ घेऊनच परत येते, काका. तुम्ही काउंटरवर उभे राहून बघा एक दिवस.