बाथरूमची कडी आणीबाणीत बाहेरून उघडता येण्यासाठी काय बसवावे?

कृष्णाकाठ, सांगली
माझी आई ७६ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात चक्कर आल्याने ती बाथरूममध्ये खाली बसली आणि आतली लांब कडी तिला काढता येईना. शेवटी शेजाऱ्यांनी पीव्हीसी दाराची खालची फळी फोडून तिला बाहेर काढले. आत कोणी आहे हे लाल-हिरव्या खुणेवरून कळेल आणि वेळ पडल्यास बाहेरून उघडेल, अशी कडी सुचवावी.

मिरजकर
बटण दाबून बंद होणारे गोल मुठीचे कुलूप घ्या. बाहेरच्या मुठीला बारीक भोक असते, त्यात तार घातली की ते उघडते. आमच्याकडे आहे.

दारे-खिडक्या
मिरजकरांचे म्हणणे लाकडी दाराला लागू पडते. त्या कुलपासाठी सुमारे ५४ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते आणि पोकळ पीव्हीसी दार तिथेच कमकुवत होते. शिवाय घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी तार सापडत नाही. ताई, तुम्ही खुणेची कडीच घ्यावी, परंतु बाहेरची खाच रुपयाच्या नाण्याने फिरते का, हे दुकानातच पाहावे.

बसवताना खरी चूक आतल्या चौकोनी सळईत होते. ती दाराच्या जाडीप्रमाणे कापावी लागते. आखूड राहिली तर बाहेरची चकती नुसतीच फिरते आणि कडी जागची हलत नाही, लांब राहिली तर दोन्ही बाजू दाराला घट्ट बसत नाहीत. पोकळ दारात नुसते स्क्रू काही महिन्यांत सैल होतात, म्हणून आरपार बोल्ट घालावेत. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी आत उभे करून कडी लावायला सांगावी आणि तुम्ही बाहेरून नाण्याने उघडून पाहावी. दार थोडे उचलल्याशिवाय नाणे फिरत नसेल, तर बिजागरी खाली बसली आहे आणि कडी चौकटीतल्या भोकात घासते आहे असे समजावे.

जुनी कडी मात्र त्याच दिवशी काढून टाका. हात सवयीने तिच्याकडेच जातो.

सज्जनगड पायथा
माझा तीन वर्षांचा नातू आत अडकला होता. लहान मुलांसाठी कडी उंचावर लावली की झाले.

दारे-खिडक्या
नातवासाठी ते बरोबर आहे, पण आईंचा हात तिथे पोहोचणार नाही. कृष्णाकाठ, तुमचे दार आत उघडते की बाहेर?

कृष्णाकाठ, सांगली
आत उघडते.

दारे-खिडक्या
मग कडी उघडूनही अडचण राहील, कारण पडलेला माणूस दाराला टेकलेला असेल तर दार ढकलता येत नाही आणि जोर केला तर त्यालाच इजा होते. शक्य असल्यास दार बाहेर उघडणारे करून घ्या.

कृष्णाकाठ, सांगली
समोरचा बोळ अडीच फुटांचा आहे आणि दार सव्वादोन फुटांचे. बाहेर उघडले की आईच्या खोलीची वाट अडते.

दारे-खिडक्या
दार उघडेच राहिले तरच वाट अडेल. तरीही सुताराला मोजायला बोलवा. चौकट न बदलता बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने बसतील का, हे फोटोवरून मला सांगता येणार नाही.