पाणी कमी पडलंय की उष्माघात? नेमकं काय दिसलं आणि कशावरून ठरवलंत – अनुभव धागा

रानजाई
उन्हात कुणाला गरगरलं की आपण सावलीत बसवतो, पाणी देतो आणि बहुतेक वेळा माणूस थोड्या वेळात सावरतो. माझा प्रश्न न सावरणाऱ्यांबद्दल आहे. शरीरातलं पाणी कमी होणं आणि उष्माघात होणं, सुरुवातीला दोन्ही सारखंच दिसतं: डोकं दुखतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं. तुमच्या घरी, कामावर, मैदानावर असं झालं तेव्हा काय पाहिलंत? आता दवाखान्यातच न्यायचं, हे कोणत्या क्षणी कळलं? उपायांच्या याद्या नकोत, समोर घडलेलं लिहा.

साधासुधा
यात फार गोंधळ नाही. घाम येतोय तोवर शरीराचं काम चालू आहे, पाणी द्या, होईल बरं. घाम थांबून कातडी कोरडी आणि कढत झाली की उष्माघात. माझ्या आजीला झाला तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता आणि घामाचा टिपूस नव्हता. तेवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

पायवाट
साधासुधा, आजीबाबत तुम्ही पाहिलंत ते खरंच असणार, पण त्या खुणेवर विसंबू नका. मी लांब पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धांत स्वयंसेवक असतो. शेवटच्या टप्प्यात एक तिशीचा मुलगा तिरपा धावायला लागला. रस्ता सरळ होता, हा मात्र कडेकडेला जात होता. आम्ही धरलं तर आम्हालाच ढकलायला लागला, शिव्या द्यायला लागला. त्याच्या मित्राने सांगितलं की हा एरवी आवाजही चढवत नाही. पुढच्या मिनिटाला तो खाली बसला. अंगातून घाम अक्षरशः निथळत होता. माझ्या शेजारचा म्हणाला, "घाम येतोय ना, मग पाणी पाजा."

वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी गुदद्वारातून तापमान घेतलं. ४१.६ सेल्सियस, म्हणजे जवळजवळ १०७ फॅरनहाइट. बाहेर रुग्णवाहिका उभी होती, तरी त्यांनी त्याला तिच्यात चढवू दिलं नाही. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये गळ्यापर्यंत बसवलं. एकाने काखेतून चादर घालून मागून धरून ठेवलं, डोकं पाण्यात जाऊ नये म्हणून. दोघं जण पाणी सतत ढवळत होते, कारण पाणी स्थिर राहिलं तर अंगालगतचा थर लगेच कोमट होतो. पंधरा मिनिटांच्या आसपास तापमान ३९ च्या खाली आलं, तेव्हा बाहेर काढलं आणि मग इस्पितळात पाठवलं. बाहेर काढताना त्यानेच विचारलं, "मी पूर्ण केली का?"

रानजाई
पायवाट, रुग्णवाहिका दारात असताना थांबवून ठेवायची हे ऐकायलाच अवघड जातंय. नातेवाईक असते तर भांडणच झालं असतं.

तिसरी_पाळी
मी अपघात विभागात परिचारिका आहे. भांडणं होतात, रोज होतात. पण त्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर. शरीर चाळिशीच्या वर जितका वेळ राहील तितकं मेंदू, यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांचं नुकसान वाढत जातं. कोसळल्यापासून अर्ध्या तासात ताप उतरवता आला तर माणूस वाचण्याची शक्यता फार चांगली असते. गाडीत घालून तापलेल्याच अंगाने पाऊण तास नेलं, तर तो अर्धा तास रस्त्यातच संपतो. ज्यांच्याकडे टब नाही त्यांनी मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत पाणी ओतणं, वारा घालणं थांबवू नये. गाडीतही चालू ठेवावं.

घामाबद्दल सांगते. कोरडी कातडी आम्ही बघतो ती जास्त करून म्हाताऱ्या माणसांत, जे उन्हात गेलेलेही नसतात, तापलेल्या खोलीत दिवसेंदिवस बसून असतात. कष्ट करताना किंवा पळताना कोसळलेले बहुतेक वेळा ओलेचिंब येतात. म्हणून मी आधी कातडी बघत नाही, बोलायला लावते. नाव काय, कुठे आहात, सोबत कोण आलंय. उत्तर चुकीचं आलं, जीभ जड वाटली, विनाकारण चिडचिड दिसली, झटका आला किंवा माणूस ग्लानीत गेला, आणि हे सगळं उन्हाळ्यात तापलेल्या अंगासोबत, तर तो उष्माघातच धरून चालायचं. पाणी कमी पडलेला माणूस मलूल असतो, उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी गडद आणि थोडी होते. पण तो आपल्या प्रश्नाला नीट उत्तर देतो.

चांदणवेल
मला उन्हातून आलं की अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, एकदा उलटी झाली की बरं वाटतं. वर्षानुवर्षं आहे. हा सौम्य उष्माघात म्हणायचा का? की पाणी कमी पडतं?

तिसरी_पाळी
चांदणवेल, हे अर्धशिशीसारखं वाटतंय, तिला ऊन हे निमित्त होतं. एकदा त्यासाठी वेगळं दाखवून घ्या. इथल्या विषयापेक्षा ते निराळं आहे.

उंबरठा
वडिलांचं लिहितो. वय ७४, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. घराबाहेर पडलेच नव्हते. वरच्या मजल्यावरची खोली, छत दिवसभर तापायचं आणि रात्रीही निवत नव्हतं.

आधी जेवण कमी झालं. मग उठताना भिंत धरायला लागले. तहान लागली का विचारलं तर नाही म्हणायचे. लघवी गडद पिवळी होत होती. आईने क्षारसंजीवनीचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात मिसळून घोटाघोटाने दिलं, आणि संध्याकाळपर्यंत लघवी साफ झाली, गप्पा मारायला लागले. तोवर ते पाणी कमी पडण्याचंच होतं, आणि दिल्याने सुधारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेलो तर ते सदऱ्याचं बटण लावत होते. काजाच्या शेजारी, कापडावर बटण दाबायचे, सुटलं की पुन्हा तिथेच. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले कचेरीला उशीर झाला. निवृत्त होऊन जमाना झाला. अंग कोरडं आणि भट्टीसारखं. काखेत थर्मामीटर लावला तर १०२.५. आई म्हणाली, एवढा ताप तर साध्या सर्दीतही येतो, तापाची गोळी देऊ. मी गोळी दिली नाही, कारण काल बऱ्या असलेल्या माणसाला आज साधं बटण लावता येत नव्हतं. इस्पितळात आतून मोजलं तेव्हा १०५.८ निघालं.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांना खाली ओसरीत आणलं, कपडे सैल केले, ओल्या चादरीत गुंडाळून पंखा लावला, चादर कोरडी होऊ दिली नाही. काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या. प्यायला काहीच दिलं नाही, गिळताना ठसका लागत होता. दोन दिवसांनी लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली आणि मूत्रपिंडाचे आकडे बिघडले, तेव्हा कळलं की ताप उतरला म्हणजे प्रकरण संपलं असं नसतं. आता बरे आहेत, पण सही पूर्वीसारखी येत नाही.

साधासुधा
काखेतल्या आणि आतल्या आकड्यात इतका फरक? मग घरी मोजायचं तरी कशाला?

तिसरी_पाळी
जास्त निघाला तर उपयोग आहे, कमी निघाला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. काख घामाने ओली असेल, नुकतंच पाणी ओतलं असेल तर काखेचा आकडा खाली दाखवतो. कपाळाच्या बंदुकीचंही तेच. उंबरठा यांनी आकड्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवला.

आणि तापाच्या गोळीचं. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतः तापमान वर चढवतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काही चढवलेलं नसतं, उष्णता बाहेर पडत नाही म्हणून अंग तापतं. तिथे पॅरासिटामॉल काम करत नाही, आणि आधीच भाजून निघालेल्या यकृतावर आणखी भार पडतो.

पिल्लूची_आई
माझं बाळ दहा महिन्यांचं. उलट्या होत होत्या, दिवसही कडक उन्हाळ्याचे. मी उष्माघात समजून घाबरले, पण अंग फारसं तापलेलं नव्हतं. सकाळपासून लंगोट कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. क्षारसंजीवनी चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा, असं तासभर बसून पाजलं. एकदम वाटीभर दिली की उलटून टाकत होती, चमच्याने राहिली. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा बाळ उठवूनही नीट जागं होत नाही, अशा वेळी घरी चमचे मोजत बसू नका, लगेच आणा.

डोंगरवेडा
एक उलटा अनुभव. आमच्या गिर्यारोहणात एक जण दिवसभर बाटल्यांमागून बाटल्या साधं पाणी पीत होता, तहान नसतानाही. संध्याकाळी डोकं धरून बसला, उलट्या, मग असंबद्ध बोलायला लागला. बोटातली अंगठी घट्ट रुतलेली. आम्ही सगळे उष्माघात म्हणत आणखी पाणी द्यायला निघालो होतो, पण हात लावला तर अंग गार होतं. लघवीही पाण्यासारखी स्वच्छ होत होती. इस्पितळात रक्तातलं सोडियम १२१ निघालं. नेहमीचं १३५ च्या वर असतं. पाणी बंद करून तीव्र मिठाचं सलाईन हळूहळू दिलं.

तिसरी_पाळी
हे वाचून बरं वाटलं की कुणीतरी लिहिलं. बडबड आहे पण अंग तापलेलं नाही, तर पाणी पाजत राहू नका, सरळ इस्पितळ. दोन्हींत गोंधळलेल्या माणसाला तोंडाने काही द्यायचं नाही, हे समान.

गच्चीवरचा
पंख्याबद्दल माझा आक्षेप आहे. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर पंखा गरम हवा अंगावर फेकतो. आमच्याकडे आम्ही बंदच ठेवतो.

उंबरठा
कोरड्या अंगाला खरं असेल. आम्ही चादर ओली ठेवली होती, पाणी उडून जाताना अंग निवत होतं. हाताला फरक कळत होता.

पायवाट
दमट हवेत मात्र ओलं करून पंखा लावला तरी पाणी उडतच नाही. तिथे मी तरी थेट गार पाण्यावर भर देईन. म्हाताऱ्या माणसाला टबात बसवावं का, हे मला ठाऊक नाही. आम्ही पाहिले ते सगळे तरुण आणि धडधाकट.

तिसरी_पाळी
म्हाताऱ्यांना आमच्याकडे सहसा ओलं करून वारा आणि बर्फच करतो. टबात त्यांच्या हृदयाकडे लक्ष ठेवणं कठीण जातं. पण यावर आमच्या डॉक्टरांचंही एकमत नाही.

रानजाई
उंबरठा, लघवी वाढवणारी गोळी उन्हाळ्यात बंद केली होती का तुम्ही? माझ्या सासूबाईंनाही तीच आहे.

उंबरठा
स्वतःहून नाही. हृदयासाठी असेल तर अचानक बंद केल्याने फुप्फुसात पाणी साचू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांनी आता उन्हाळ्यापुरतं प्रमाण कमी केलंय आणि रोज सकाळी वजन लिहायला सांगितलंय. सासूबाईंच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन उन्हाळा तापायच्या आत दाखवून या.