‘कोरडा’, ‘अंगचटी’ आणि ‘नकोसं’

देवगडची सून: लग्नाला दीड वर्ष झालं. माझ्या माहेरी येता-जाता मिठी मारतात, सासरी वाकून नमस्कार केला की झालं. आंब्याच्या हंगामात नवरा दिवसभर पेट्या भरून रात्री घरी येतो आणि मी जवळ बसले की सरकून बसतो. परवा मी म्हटलं, ‘तू कोरडा आहेस.’ तो म्हणाला, ‘तू सारखी अंगचटीला येतेस.’ दोन दिवस अबोला. न बोचणारे शब्द आहेत का?

मिठबावकर: ‘लगट’ म्हणा की. लगट म्हणजे जवळीकच.

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले: अर्थ जवळीक, पण एकतर्फी. समोरच्याला नको असताना होते ती लगट, म्हणून नवऱ्याच्या तोंडी हा शब्द आला तर आणखी लागेल. ‘सलगी’ त्यापेक्षा मऊ, तरी ‘फार सलगी करतोस’ म्हटलं की तीही बिनसते. ‘जवळीक’ तेवढी दोघांची असते.

पण ताई, खरी गोम विशेषणात आहे. ‘कोरडा’ म्हटलं की तो अख्खा माणूस कोरडा ठरतो. मराठीत सोय आहे, ती वापरा: ‘मला जवळ बसावंसं वाटतं.’ यात तुमची इच्छा आली, पण त्यानं काय चुकवलं हे कुठेच आलं नाही. त्यानंही ‘तुझा स्पर्श नकोसा होतो’ म्हणू नये, ‘आत्ता नको’ म्हणावं. ‘नकोसा’ माणसाला चिकटतो, ‘आत्ता नको’ वेळेला.

मालवणची आजी: माझ्या नातीचं तसंच. पाहुणे ‘पापा दे’ म्हणतात, ती पळते, लगेच ‘शिष्ट आहे’. मी सांगते, तिका नको आसा. मग ती टाळी देते.

मिठबावकर: आजी, इथं नवरा-बायकोचं चाललंय!

मालवणची आजी: नको म्हणजे नकोच, वय कितीही असो. आमच्याकडे ‘मिठीत घे’ला ‘वेंगेत घे’ म्हणतात, किती गोड शब्द!

देवगडची सून: मास्तर, ‘आत्ता नको’ रोजच आलं तर?

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले: मग ती वेळेची गोष्ट राहिली नाही. ‘तुला किती पुरतं?’ असं विचारा. ‘पुरणं’ हे क्रियापद चांगलं. एकाला हात हातात घेतला की पुरतं, दुसऱ्याला नाही. मात्र ज्याला थोडंच पुरतं त्याच्यासाठी बोचरा नसलेला शब्द मला अजून सापडलेला नाही. ‘अबोल’सारखा एखादा हवा होता.

मिठबावकर: ‘सोवळ्यातला’?

देवगडची सून: नको, सासूबाई वाचतील! काल रात्री विचारलं. म्हणाला, ‘वाईच थांब, घामान भिजलंय, न्हाऊन येतंय.’ म्हणजे हे ‘आत्ता नको’च होतं ना?

निवृत्त मास्तर, वेंगुर्ले: काल तरी तेच. हंगाम संपल्यावर पुन्हा विचारा.