निरोपाच्या व्हिडिओसाठी निवेदन लिहायचंय, जुन्या क्लिप आहेत. सल्ला हवा

जळगावची_अर्चना
आमच्या ऑफिसातला एक सहकारी नोकरीसाठी जर्मनीला चाललाय. माझ्याकडे ऑफिसच्या कार्यक्रमांच्या जुन्या क्लिप आहेत: असोद्याच्या शेतातली भरीत पार्टी, पाटणादेवीची सहल, गणपती, दिवाळीचा फराळ. यातून चार मिनिटांचा व्हिडिओ करून त्यावर माझा आवाज द्यायचाय. निवेदन लिहायला बसले की अहवाल होतोय: 'यानंतर आपण सहलीला गेलो, सर्वांनी आनंद लुटला.' नेमकं काय लिहू, किती लिहू?

केळीबाग
हिशोब सोपा आहे ताई. मिनिटाला दीडशे शब्द, म्हणजे चार मिनिटांना सहाशे. आधी पूर्ण स्क्रिप्ट लिहा, मग त्याप्रमाणे क्लिप कापा. खाली छानसं संगीत ठेवा.

रावेरकर_काका
निरोप समारंभात बोलताना सुरुवातीला व्यासपीठावरच्यांचा मान ठेवावा, मग सत्कारमूर्तींचे गुण सांगावेत. शेवटी चार ओळींची कविता म्हणावी.

जळगावची_अर्चना
काका, भाषण दुसरे सर करणार आहेत. मला व्हिडिओमागचं निवेदन हवंय.

एडिटिंगवाला_धुळे
लग्नाचे आणि शाळांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जोडणं हेच माझं काम, म्हणून सविस्तर सांगतो. केळीबाग म्हणतात तसं आधी शब्द मोजायला हवेतच, पण दीडशे हा बातम्यांचा वेग झाला. निरोपाचं मराठी मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या वर नेलं की धावतं. शिवाय चारही मिनिटं बोलायचं नाही. क्लिपमधला मूळ आवाज हाच खरा ऐवज आहे, अर्धा वेळ त्याला द्या. म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे शब्द पुरे.

आणि क्रम उलटा: आधी क्लिप जोडा. कुठे कोणी बोलतंय, हसतंय, ती जागा सोडा. कुठे नुसता वारा किंवा गोंगाट आहे, तिथले सेकंद कागदावर लिहा. निवेदन त्याच जागांसाठी लिहायचं, सेकंदाला दोन शब्द धरून. भरीत पार्टीच्या क्लिपमध्ये काय आहे ते सांगा, करून दाखवतो.

जळगावची_अर्चना
पहिले नऊ सेकंद फक्त धूर आणि वारा. मग तो ओरडतो, "पहिले मालकले वाढा!" आणि सगळे हसतात. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या तोच घेऊन आला होता. वांग्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

एडिटिंगवाला_धुळे
झालं की! नऊ सेकंद म्हणजे अठरा शब्द, श्वासाला जागा ठेवून पंधरा:

"कपाशीच्या काड्या त्यानेच आणल्या होत्या. वांगी कोणालाच उलटवू दिली नाहीत. मिरची किती, तेही तोच ठरवणार."

यात 'भरीत पार्टी' हा शब्द नाही, कारण पार्टी दिसतेच आहे. चित्रात न दिसणारं तेवढं सांगा. मग त्याचं अहिराणी वाक्य आणि हसू पूर्ण ऐकू द्या. तो किती मनाचा मोठा आहे हे लगेच सांगायला जाऊ नका, शेतमालकाला आधी वाढा म्हटल्यावर ते सगळ्यांना कळलेलंच असतं.

'मनमिळाऊ, हसतमुख' असं काही लिहिलंत तर स्वतःला विचारा, हेच वाक्य दुसऱ्याच्या निरोपाला चालेल का? चालत असेल तर काढा.

भुसावळ_जंक्शन
माझ्या बहिणीच्या व्हिडिओत निवेदन सुंदर होतं, पण हॉलमध्ये एक शब्द कळला नाही. घरी हेडफोनवर सगळं ठीक वाटलेलं.

एडिटिंगवाला_धुळे
संगीत वर राहिलं असणार. बोलणं चालू असताना ते आवाजापेक्षा १८-२० डेसिबलने खाली हवं, आणि गाण्याचे बोल नकोत. अर्चनाताई, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, मग हॉलच्या स्पीकरवर एकदा लावून बघा. रेकॉर्डिंग पहाटे करा, कारण पंखा, कूलर बंद ठेवावे लागतील आणि दुपारी ते शक्य नाही. कपड्यांच्या कपाटासमोर, फोन तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला.

केळीबाग
वेगाचं पटलं. शेवटाला असं करा: 'तिथे नऊ वाजतील तेव्हा इथे साडेबारा, आमचा डबा उघडलेला असेल.'

एडिटिंगवाला_धुळे
छान आहे, पण साडेबारा उन्हाळ्यात. हिवाळ्यात तिथली घड्याळं तासाने मागे जातात, मग इथे दीड. तो व्हिडिओ पुढेही बघणार, म्हणून 'तू कामाला बसशील तेव्हा आमचा डबा उघडलेला असेल' एवढंच ठेवा.

जळगावची_अर्चना
हे घेतलं. आता एक अवघड प्रश्न. गणपतीच्या क्लिपमध्ये आमचे एक जुने सहकारी त्याच्या शेजारी टाळ वाजवताहेत. ते आता हयात नाहीत. ठेवू का?

एडिटिंगवाला_धुळे
मी ठेवीन. त्या जागी निवेदन नाही, संगीत नाही, नुसता टाळांचा आवाज.

भुसावळ_जंक्शन
मी नाही ठेवणार. भरल्या हॉलमध्ये अचानक समोर आलं तर त्याला सावरणं कठीण जाईल. ती क्लिप त्याला वेगळी पाठवा.

जळगावची_अर्चना
त्यांच्या घरच्यांना आधी विचारते. तोवर सहलीच्या क्लिपचे सेकंद मोजायला घेतलेत.