दूध संकलनाचे सॉफ्टवेअर : मुदतीपुरते मोफत, की मर्यादेपर्यंत कायम मोफत?

कृष्णाकाठ (मिरज)

आम्ही दोघे भागीदार गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. सकाळ-संध्याकाळचे दूध, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, भरले की दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले छापता येतात. वर्षाचे ४,८०० रुपये घेतो. सध्या नोंदणीपासून १४ दिवस मोफत देतो. गेल्या तिमाहीत ४० केंद्रांनी नोंदणी केली, त्यांतल्या १४ जणांनी निदान एक बिल काढले आणि ६ जणांनी पैसे भरले. भागीदाराचे म्हणणे असे, की मुदत काढून टाकावी आणि २५ उत्पादकांपर्यंत कायम मोफत ठेवावे. मला ते पटत नाही. पैसे नेमके केव्हा मागावेत?

विश्रामबाग (सांगली)

आधी मोफताचा वाद बाजूला ठेवून तुमचे चौदा दिवस दूधवाल्यांच्या दिनदर्शिकेवर मांडून पाहा. बिलाचे टप्पे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे असतात. ५ तारखेला नोंदणी करणाऱ्याची मुदत १८ तारखेला संपते. त्याचे पहिल्या टप्प्याचे बिल अर्धवट राहते, कारण आधीचे चार दिवस वहीत असतात. आणि दुसऱ्या टप्प्याचे बिल २१ तारखेला निघायचे असते, तोवर तुम्ही कुलूप लावलेले असते. म्हणजे ज्या कामासाठी त्याने सॉफ्टवेअर घेतले, ते काम पुरे होताना त्याने एकदाही पाहिलेले नसते आणि तरी आपण त्याच्याकडे पैसे मागतो.

दुसरे असे, की पहिल्या बिलावर कोणीही सचिव विश्वास ठेवत नाही. तो वही आणि छापील बिल शेजारी ठेवून पैशा-पैशाचा ताळा घेतो. दुसऱ्या बिलाला तो फक्त चार-दोन खाती तपासतो आणि तिसऱ्या बिलाला वही उघडत नाही. पैसे मागायची वेळ ती. म्हणून मुदत नोंदणीपासून न मोजता पहिल्या दूधनोंदीपासून मोजावी, आणि ती दिवसांत न सांगता "तीन पूर्ण बिले मोफत" अशी सांगावी. हे वाक्य गवळ्यालाही कळते.

सहकारी दूध संस्थेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सॉफ्टवेअर वापरतो सचिव, पण खर्चाला मंजुरी देते संचालक मंडळ, आणि त्याची बैठक बहुधा महिन्यातून एकदा होते. धनादेशावर दोन सह्या लागतात. चौदा दिवसांत ही बैठक येईलच असे नाही. तीन बिले म्हणजे साधारण महिना, त्यात एक बैठक बसते. खासगी केंद्राचा मालक स्वतःच निर्णय घेतो, त्याला एवढा अवधी लागत नाही. पण त्याच्यासाठी वेगळा नियम करू नका, गोंधळ वाढेल.

कोयनाकाठ (कराड)

विश्रामबागकरांचे बिलाचे गणित मान्य, पण मुदत ही मुळात भीती दाखवण्याची रीत आहे. ड्रॉपबॉक्सने २ जीबी जागा कायम मोफत दिली, स्लॅकही लहान गटांना फुकट वापरता आले, आणि दोन्हींचा प्रसार वापरणाऱ्यांनीच केला. ज्याने फुकट फाइल पाठवली, त्याच्याकडून ती घेणाराही त्यात ओढला गेला. तुमच्याकडे ४० पैकी ३४ केंद्रे हातची गेली. ती मोफत वापरत राहिली असती, तर आज ना उद्या मोठी झाल्यावर तुमच्याकडेच पैसे भरले असते. भागीदारांचे म्हणणे मला योग्य वाटते.

हिशेबनीस (सातारा)

मी पंचवीसेक वर्षे व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. माझ्या मते दरवर्षी पैसे घेणेच चुकीचे आहे. एकदा परवाना विकावा आणि मोकळे व्हावे. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळायची आणि तीत महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता यायच्या. पोरे त्यावर शिकली आणि नोकरीला लागल्यावर मालकाला तेच घ्यायला लावले. तुम्हीही तसे काही करा.

कृष्णाकाठ (मिरज)

हिशेबनीस काका, वार्षिक घ्यावे की एकरकमी, हा आमचा प्रश्न नाही. दरपत्रक वर्षातून अनेकदा बदलते आणि ते बसवून द्यायला माणूस लागतो, म्हणून वार्षिक आकारणी ठरलेलीच आहे. टॅलीचे उदाहरण मात्र कामाचे वाटले. शिकायला सगळे उघडे, पण खरा धंदा चालवता येणार नाही, अशी ती मर्यादा होती.

येरळाकाठ (पलूस)

माझे स्वतःचे केंद्र आहे, ८० उत्पादक. आम्ही पूर्वी एक सॉफ्टवेअर वापरत होतो, नाव घेत नाही. आधी ते फुकट होते, किती दिवस ते कुणी सांगितले नव्हते. दिवाळीच्या तोंडावर फरक बिल, म्हणजे वर्षभराच्या लिटरवर उत्पादकांना वाटायची जादा रक्कम, काढायला बसलो, तर पडद्यावर पैसे भरल्याशिवाय जुन्या नोंदी दिसणार नाहीत, असा संदेश आला. वर्षभराचे लिटर त्यातच अडकलेले. दारात बायाबापड्या फरकाची वाट बघत उभ्या, मग काय करणार, मुकाट भरले. आणि पुढच्या महिन्यात ते बंद करून वहीवर आलो. रक्कम फार नव्हती. आधी मागितली असती, तर हसत दिली असती.

त्यामुळे फुकट द्या किंवा देऊ नका, पण मुदत संपल्यावर काय बंद होणार, हे पहिल्याच दिवशी सांगा.

विश्रामबाग (सांगली)

येरळाकाठ यांनी सांगितलेली गोष्ट या धंद्यातला सर्वांत मोठा मोह आहे. दूधवाल्याची नड दिवाळीला सर्वाधिक असते, म्हणून तेव्हा मागितले तर वसुली पक्की, असा हिशेब कोणीही मांडील. पण ती वसुली त्या वर्षापुरती असते. मुदत संपल्यावर नवी नोंद थांबवावी. जुन्या नोंदी पाहणे, छापणे आणि एक्सेलमध्ये उतरवून घेणे कायम चालू ठेवावे. रोजची दोन वेळची नोंद थांबणे एवढा रेटा पुरेसा आहे.

आता कोयनाकाठ यांच्या मुद्द्याकडे येतो. ड्रॉपबॉक्स पसरले, कारण फाइल दुसऱ्याला पाठवायचीच असते. संकलन केंद्राचा सचिव शेजारच्या केंद्राला काय पाठवणार? उलट त्यांची उत्पादकांवरून ओढाताण चालू असते. एकाने वापरल्यामुळे दुसरा येईल, ही साखळी इथे जवळपास नाही. दुसरे गृहीतकही तपासा. मोफत वापरणाऱ्यांतून पैसे भरणारे शंभरात दोन ते पाच धरण्याची रीत आहे. पाच धरले, तर शंभर केंद्रांमागे वर्षाचे २४,००० रुपये येतात, म्हणजे केंद्रामागे २४०. त्यातून सकाळी सहाला "फॅट घेत नाही" म्हणून येणारे सगळ्या शंभर केंद्रांचे फोन कोण उचलणार? साठवणुकीचा खर्च किरकोळ आहे. आपल्याकडे फुकट ग्राहक महाग पडतो तो फोनमुळे.

एसएमएसचेही पाहा. येरळाकाठ यांचेच केंद्र घ्या. ८० उत्पादक, दोन वेळ, दिवसाला १६० संदेश, महिन्याला ४,८००. एका संदेशाला १५ पैसे धरले, तरी ७२० रुपये झाले. आणि तुम्ही महिन्याला घेता ४००. एसएमएस मोफतात ठेवला असेल, तर जितके ग्राहक वाढतील तितके खड्ड्यात जाल. तो मुदतीतही छापील पावतीवर भागवावा, किंवा त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे घ्यावेत.

कोयनाकाठ (कराड)

एसएमएसचा आकडा मी धरला नव्हता, तो मान्य. पण साखळी नाही, हे मान्य नाही. पावती सचिवाला मिळत नाही, उत्पादकाला मिळते. ज्याच्या घरातले दूध दोन केंद्रांवर जाते, त्याच्या हातात एकीकडे सॉफ्टवेअरची पावती आणि दुसरीकडे पेन्सिलीचा आकडा असतो. तो दुसऱ्या केंद्रावर जाऊन "तुम्ही का देत नाही" असे विचारतोच. मोफत केंद्रे जितकी जास्त, तितक्या पावत्या जास्त.

विश्रामबाग (सांगली)

पावतीचा मुद्दा चांगला आहे, मला तो सुचला नव्हता. मात्र पावती पैसे भरलेल्या केंद्रातूनही निघते. तेवढ्यासाठी कायम मोफत करायची गरज नाही.

२५ उत्पादकांच्या रेषेबद्दल माझी खरी शंका वेगळी आहे. २५ च्या खालची केंद्रे थोडी, आणि जी आहेत त्यांचा हिशेब वहीवरही तासाभरात होतो. ३० उत्पादकांचे केंद्र काय करील, तर नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावाने दोन खाती उघडील. रेषा ६० वर नेली, तर तुमचे पैसे देणारे ग्राहकच फुकटात जातील. आणि एकदा दिलेली मोकळीक मागे घेणे फार अवघड असते. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस मोफत वापर ५० टिपणांवर आणला, तेव्हा वर्षानुवर्षे वापरणारेच आधी चिडले. मुदत वाढवून दिली तर कोणी भांडत नाही. मर्यादा खाली आणली तर भांडतात.

कृष्णाकाठ (मिरज)

मग माझे ४०-१४-६ कसे वाचायचे?

विश्रामबाग (सांगली)

दोन वेगळ्या गळती म्हणून. २६ जण बिलापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांना किंमत कळण्याआधीच ते गेले, म्हणून मोफताचा कोणताही प्रकार त्यांना परत आणणार नाही. त्यांच्या खात्यांत जाऊन बघा, उत्पादकांची यादी भरली आहे का आणि दरपत्रक बसवले आहे का. माझा अंदाज असा, की बहुतेकांचे दरपत्रकच बसलेले नसेल. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ ला जो दर असतो, तिथून वर-खाली पॉइंटमागे किती वाढ आणि किती कपात, हा तक्ता स्वतः भरणे सोपे नाही. तो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून भरून द्या. त्यांतले दहा जण जरी बिलापर्यंत आले, तरी तुमचे चित्र बदलेल.

उरलेल्या १४ पैकी ६ जणांनी पैसे दिले, हे वाईट मुळीच नाही. जे ८ गेले, त्यांच्या नोंदणीच्या तारखा काढा. त्या ५-६, १५-१६ अशा टप्प्याच्या मध्यावर पडल्या असतील, तर दोष मुदतीचा आहे. तारखा सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर मात्र किंमत किंवा कामातच काही अडचण आहे, आणि त्यासाठी त्या आठांना फोन करावा लागेल.

येरळाकाठ (पलूस)

मागण्याचा दिवस मी सांगतो. दूध संघाकडून आमच्या खात्यावर बिलाची रक्कम येते, त्या दिवशी कमिशन हातात असते. त्याच्या आदल्या दिवशी मागाल, तर "बघू" हेच उत्तर मिळेल.

आणि खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याचे आधी कबूल करून घ्यायचे, असला प्रकार नको. कापण्याआधी २४ तास सूचना येते म्हणतात, पण संस्थेचे खाते जिल्हा बँकेत आहे आणि सूचना जाते अध्यक्षांच्या मोबाइलवर. ते उसाच्या फडात असतात.

कोयनाकाठ (कराड)

एक प्रश्न उरतोच. महिलांच्या बचत गटाने नवे केंद्र काढले, पंधरा उत्पादक आहेत, कमिशनही तुटपुंजे. तीन बिलांनंतर त्यांची नोंद थांबवणार का? ४०० रुपये महिना त्यांना जड आहेत, आणि वर्षभरात ते केंद्र साठावर जाऊ शकते.

कृष्णाकाठ (मिरज)

तीन पूर्ण बिलांचा बदल या महिन्यापासून करतो, एसएमएस वेगळा काढतो आणि जुन्या नोंदी उघड्या ठेवतो. बचत गटांसाठी पहिल्या वर्षी अर्धा दर घ्यावा असे मला वाटते. भागीदार म्हणतो, पूर्ण फुकट द्यावे. दोघांचे अजून जुळलेले नाही.

विश्रामबाग (सांगली)

अर्धा दर घ्या, पण घ्या. ज्याने शंभर रुपये का होईना भरले आहेत, तो दरपत्रक चुकले की फोन करून सांगतो. फुकटवाला न सांगता वहीवर जातो आणि का गेला हे तुम्हाला कधीच कळत नाही.

कोयनाकाठ (कराड)

हे सरसकट खरे नाही. आमच्या भागातले फुकट वापरणारेच फोनवर सर्वाधिक भांडतात.